कन्झर्व्हेटरीच्या प्रवेशासाठीचे निवेदन (पियानो): मसुदा वाचून मत हवे आहे

काळी चार

नमस्कार. पियानोवादनाच्या पदवी अभ्यासक्रमासाठी मी एका कन्झर्व्हेटरीत अर्ज करते आहे. अर्जासोबत पाचशे शब्दांच्या मर्यादेत एक निवेदन मागितले आहे. आजवरचे शिक्षण कसे झाले, ऑडिशनसाठी याच रचना का निवडल्या आणि तिथे शिकून स्वतःत काय घडवायचे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात द्यायची आहेत.

माझ्या रचना अशा आहेत: बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर'च्या पहिल्या खंडातले बी फ्लॅट मायनरमधले प्रील्यूड आणि फ्यूग, बेथोव्हनची डी मायनर सोनाटा (ओपस ३१, क्रमांक २), शोपाँचा ए फ्लॅट मेजर एट्यूड (ओपस २५, क्रमांक १) आणि डेब्युसीच्या प्रील्यूड्सच्या पहिल्या खंडातले सहावे, म्हणजे बर्फावरच्या पावलांचे.

मसुद्याची सुरुवात मी अशी केली आहे:

"वयाच्या आठव्या वर्षापासून संगीत हा माझा श्वास आहे. मी आठही ग्रेडच्या परीक्षा विशेष गुणांसह उत्तीर्ण झाले आहे. बाखची शिस्त, बेथोव्हनचा संघर्ष, शोपाँचे काव्य आणि डेब्युसीचे रंग यांतून माझ्या व्यक्तिमत्त्वाचे विविध पैलू प्रकट होतात. आपल्या नामांकित संस्थेत शिकून मला एक परिपूर्ण कलाकार व्हायचे आहे."

हे वाचताना माझे मलाच कसेसे होते, पण दुसरे काही सुचत नाही. शिवाय एक अडचण आहे. पंधरा वर्षांची होईपर्यंत मी फक्त डिजिटल पियानोवर शिकले आणि बहुतेक वेळा हेडफोन लावूनच वाजवले. खऱ्या ग्रँड पियानोवर नियमित बसायला लागून आता चार वर्षे झाली आहेत. ही गोष्ट निवेदनात लिहावी की गाळावी?

शब्दवेल्हाळ

मला पियानोतले फारसे कळत नाही, परंतु अर्जलेखनाचा अनुभव आहे. आपल्या मसुद्यात रचनांची माहितीच नाही. ही सोनाटा बेथोव्हनने १८०१-०२च्या सुमारास लिहिली आणि १८०२ सालीच, वाढत्या बहिरेपणाने खचून, त्याने भावांना उद्देशून ते प्रसिद्ध पत्र लिहिले. असा संदर्भ प्रत्येक रचनेला दोन-तीन वाक्यांत जोडल्यास आपला अभ्यास दिसेल आणि पाचशे शब्दही सहज भरतील.

जुना साथीदार

शब्दवेल्हाळ यांचा सल्ला कार्यक्रमपत्रिकेसाठी चांगला आहे, निवेदनासाठी नाही. परीक्षकांच्या मेजावर बसलेल्या माणसांनी ही सोनाटा स्वतः वाजवलेली असते, शिकवलेली असते आणि त्या आठवड्यात कदाचित पाच जणांकडून ऐकलेलीही असते. बेथोव्हन त्यांना ठाऊक आहे, अर्जदार ठाऊक नसते. मी बरीच वर्षे ऑडिशनमध्ये गायकांना आणि व्हायोलिनवादकांना साथ केली आहे आणि पुढे काही वर्षे परीक्षक म्हणून अशी निवेदने वाचली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आपल्या मसुद्यातले एकही वाक्य असे नाही, की जे दुसऱ्या कोणी लिहू शकले नसते. 'बाखची शिस्त' या शब्दांवरून आपण बाख कसा वाजवता हे कळत नाही. ग्रेडच्या परीक्षा अर्जातल्या तक्त्यात येतातच, त्यामुळे इथे त्या पुन्हा सांगून शब्द खर्चू नयेत. ज्या गोष्टीला आपण अडचण म्हणता, ती मात्र संपूर्ण पोस्टमधली एकमेव खरी माहिती आहे.

आणि ती लपणारही नाही. डिजिटलवर वाढलेला हात बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो. पहिली खूण पायात असते. स्वस्त डिजिटल पियानोचे पेडल पुष्कळदा दिव्याच्या बटणासारखे असते, एक तर चालू नाहीतर बंद, त्यामुळे पायाला मधल्या अंतराची जाणीवच होत नाही. दुसरी खूण कानात असते. तार वाजल्यानंतर तिचा नाद कसा विरत जातो याची वाट हा वादक पाहत नाही. पट्टी दाबली की आपले काम संपले असे तो समजतो. तिसरी खूण हेडफोनची आहे. आवाज किती मोठा हवा ते तिथे एक खुंटी ठरवत असते, म्हणून बोटांना जोराचा हिशोब कधी ठेवावाच लागत नाही आणि ग्रँडवर डावा हात उजव्याला बुडवतो.

आता मला एवढेच सांगा: आपली चार वर्षे यातल्या कोणत्या गोष्टीवर गेली आणि निवडलेल्या चारांपैकी कोणत्या रचनेत ते सर्वात जास्त जाणवले? पल्लेदार वाक्ये नकोत, नुसती हकिकत लिहा.

पांढरी दोन

जुना साथीदार यांच्याविषयी आदर ठेवून मतभेद नोंदवतो. आपली कच्ची बाजू आपणच कोणी सांगते का? परीक्षकांना तयारी दाखवावी. निवेदनात रचनांची काठिण्यपातळी स्पष्ट लिहावी. त्या दृष्टीने ओपस २५चा पहिला एट्यूड फारच सोपा आहे, त्याऐवजी तिसऱ्यांचा, म्हणजे त्याच ओपसमधला सहावा घ्यावा. डेब्युसीचे ते प्रील्यूड तर अवघ्या ३६ मात्राखंडांचे आहे आणि तेही संथ. तसेच, बाखमध्ये आपण पेडल अजिबात वापरत नाही, कारण हार्प्सिकॉर्डला ते पेडल नव्हते, असे एक वाक्य जरूर घालावे. शैलीचे ज्ञान त्यातून दिसते.

जुना साथीदार

पांढरी दोन, हार्प्सिकॉर्डला तसे पेडल नव्हते हे खरे, पण म्हणून पियानोवर बाख वाजवताना पाय जमिनीला खिळवून ठेवावा असे त्यातून निघत नाही. या धाग्यातला फ्यूग पाच आवाजांचा आहे. दोन हातांच्या दहा बोटांत पाच आवाज सांभाळताना काही जागा अशा येतात, की एक स्वर सोडल्याशिवाय पुढचा गाठता येत नाही. तिथे पेडलचा निसटता स्पर्श बहुतेक सगळे घेतात. आणि पेडल मुळीच वापरत नाही असे कागदावर लिहून तिसऱ्या ओळीत पाय हलला, तर परीक्षकांच्या नजरेतून ते सुटणार नाही. निवेदनात केलेला प्रत्येक दावा वादनाच्या आधी वाचला जातो आणि मग वादनात तो शोधला जातो, हे लिहिताना विसरू नये.

तिसऱ्यांच्या एट्यूडबद्दल इतकेच सांगतो, की अर्धवट बसलेला अवघड एट्यूड मी फार वेळा ऐकला आहे. सफाईने वाजलेल्या सोप्या एट्यूडपेक्षा त्याला कधी जास्त गुण मिळालेले मला आठवत नाहीत. मात्र संस्थेची यादी नीट वाचावी. ओपस १०मधले तिसरा आणि सहावा, ओपस २५मधला सातवा, असे संथ एट्यूड काही संस्था चालवून घेत नाहीत.

काळी चार

सांगितल्याप्रमाणे हकिकत लिहिते.

नव्या बाईंकडे गेले तेव्हा मी या सोनाटाचा पहिला भाग 'बसवून' गेले होते. त्यात सुरुवातीचे मंद्रातले आर्पेजिओ पुढे परत येते तेव्हा त्याच्या पाठोपाठ एकट्या उजव्या हाताची, बोलल्यासारखी एक ओळ येते आणि तेवढा सगळा वेळ पेडल धरून ठेवावे अशी बेथोव्हनची स्वतःची खूण आहे. माझ्या घरच्या वाद्यावर ते छान वाटायचे. ग्रँडवर मी छापल्याप्रमाणे पेडल धरले आणि नुसता चिखल झाला. मला वाटले वाद्य बिघडलेले आहे. बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी मला फक्त ते आर्पेजिओ वाजवून पेडल धरायला लावले आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकत बसायला सांगितले. तो इतका लांबला, की मी मध्येच पाय उचलला.

त्यानंतर जवळजवळ सहा महिने आम्ही त्या दोन जागांवर अधूनमधून काम करत होतो. पाय पूर्ण न उचलता थोडासाच वर घेतला, तर वरच्या पातळ तारा मिटतात आणि खालच्या जाड तारा गुंजत राहतात, हे मला तिथे पहिल्यांदा कळले. आता मी आर्पेजिओ पेडलमध्ये पकडते आणि ओळ पुढे जाईल तसा पाय किंचित हलवत राहते, म्हणजे धुके राहते पण शब्द ऐकू येतात. प्रत्येक पियानोवर हे अंतर वेगळे असते, ही माझी सध्याची सर्वात मोठी भीती आहे.

डेब्युसी मी स्वतः निवडला, कारण त्याने पेडलच्या खुणा जवळपास दिलेल्याच नाहीत आणि सगळे कानावर सोपवलेले आहे. शोपाँचा एट्यूड मात्र बाईंनी निवडला.

चेलोवाली

मीही यंदा अर्ज करते आहे, म्हणून माझा प्रश्न इथेच विचारते. माझे तीन गुरू झाले. तिसऱ्यांनी माझी बो धरण्याची पद्धत मुळापासून बदलली, त्यात जवळजवळ वर्ष गेले आणि त्या वर्षी मी एकही मोठी रचना केली नाही. शिवाय मी दोन नामवंत चेलोवादकांच्या मास्टरक्लासमध्ये वाजवले आहे. 'यांच्याकडे शिक्षण घेतले' असे लिहून त्यांची नावे देऊ का? ते रिकामे वर्ष झाकायला मदत होईल.

जुना साथीदार

चेलोवाली, मास्टरक्लासमध्ये वीस मिनिटे वाजवणे म्हणजे शिक्षण घेणे नव्हे. हे क्षेत्र लहान आहे, त्या वादकांपैकी कोणी परीक्षकांच्या ओळखीचे निघाले तर पंचाईत होईल. 'मास्टरक्लासमध्ये वाजवले' असे सरळ लिहा, आणि तिथे ऐकलेली एखादी गोष्ट पुढे खरोखर उपयोगी पडली असेल तरच लिहा. ते वर्ष रिकामे नव्हते, तेच तुमच्या निवेदनाचे पहिले वाक्य आहे. आधी काय होत नव्हते, पकड बदलल्यावर काय होऊ लागले आणि अजून काय होत नाही, एवढे लिहिले तर परीक्षकाला कळते की ही मुलगी बदल सोसू शकते. बाकीचे कृपया वेगळ्या धाग्यात विचारा, इथे गुंता होईल.

काळी चार, आपल्या या पोस्टमध्ये निवेदन जवळजवळ लिहून झाले आहे. आठ वर्षांच्या मुलीच्या श्वासाची गरज उरलेली नाही. बटणासारख्या पेडलवर वाढलेली एक मुलगी ग्रँडवर येते, बेथोव्हनच्या एका खुणेपाशी अडखळते, ती खूण समजून घेण्यासाठी ऐकायला शिकते आणि मग जिथे खुणाच नाहीत असा डेब्युसी निवडते. तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच धाग्यात ओवता येतात. एक भर सुचवतो. बेथोव्हनच्या काळच्या पियानोचा नाद आजच्यापेक्षा लवकर विरत असे, त्यामुळे त्या खुणेने तेव्हा एवढा चिखल होत नसणार. ही गोष्ट आपल्या लक्षात आली आहे हे एका वाक्यात दिसू द्या, पण व्याख्यान नको.

निमिष

मी सध्या अशाच एका संस्थेत दुसऱ्या वर्षाला आहे. निवेदनाची चर्चा चांगली चालली आहे, पण मला काळजी वेगळीच वाटते. सगळे एका धाग्यात ओवण्याच्या नादात कार्यक्रम एकसुरी होतो आहे, हे कोणी बोलत नाही. संथ बाख, धुक्यातला बेथोव्हन, पेडलवर तरंगणारा शोपाँ आणि बर्फातला डेब्युसी! सोनाटाचा पहिला भाग बराचसा जलद आहे आणि शेवटचा भागही अखंड धावतो, हे मान्य, पण त्याखेरीज बोटांची सुटी, कोरडी, स्पष्ट चाल ऐकायला मिळेल अशी जागा कुठे आहे? माझ्या ऑडिशनमध्ये कोणतीही रचना पूर्ण ऐकली गेली नाही. मधूनच थांबवून दुसरी सुरू करायला सांगत होते. अशा वेळी त्यांनी सोनाटाचा संथ भाग मागितला, तर पंधरा मिनिटांत तुमच्याकडून त्यांनी एकही जलद पान ऐकलेले नसेल.

ओपस २५च्या पहिल्या एट्यूडबद्दल शूमानने लिहिले आहे, की शोपाँच्या हातून तो ऐकताना प्रत्येक लहान स्वर सुटा ऐकू येत नव्हता, तर ए फ्लॅटच्या कॉर्डची जणू लाट उसळत होती. एट्यूड फार सुंदर आहे, पण बाकीच्या तीन रचना जे सांगतात तेच तो पुन्हा सांगतो.

पांढरी दोन

म्हणजे मी आधीच म्हणत होतो तेच. एट्यूड बदला.

जुना साथीदार

कारण वेगळे आहे, पण निष्कर्ष तुमच्या बाजूने लागला हे कबूल करतो. निमिष यांचे म्हणणे योग्य आहे आणि ते माझ्या नजरेतून सुटले. निवेदन कितीही सुसंगत असले तरी परीक्षा वादनाची असते. कार्यक्रमात विरोध हवा आणि निवेदनाने तो विरोध समजावून सांगावा. काळी चार, हातात बसलेला दुसरा एखादा एट्यूड आहे का? नवा बसवायला सांगणार नाही.

काळी चार

आहे. ओपस १०मधला चौथा, सी शार्प मायनरमधला. सतरा वर्षांची असताना बसवला होता आणि मागच्या वर्षी एका कार्यक्रमात वाजवला. त्याचीही एक गंमत आहे. स्वर मी घरच्या डिजिटलवर हेडफोन लावून पाठ केले होते. ग्रँडवर नेला तेव्हा वेग तोच राहिला, पण डाव्या हातात धावपळ आली की उजवा हात ऐकूच येईना. मग तीन आठवडे दोन्ही हात निम्म्या वेगाने आणि पेडलशिवाय वाजवले, तेव्हा कुठे तोल आला. अजूनही मी त्यात पेडल अगदी कमी ठिकाणी घेते.

बाईंना विचारले. त्या म्हणाल्या की शोपाँचा पहिला एट्यूड त्यांनी माझ्या आवडीखातर दिला होता, बदलायला त्यांची हरकत नाही. आमचे दोघींचे एकमेकींबद्दल गैरसमज होते म्हणायचे.

आता तिसरा प्रश्न राहिला. 'परिपूर्ण कलाकार' काढून टाकते, पण त्या जागी काय लिहू? जे येत नाही ते सगळे शिकायचे आहे, हे खरे उत्तर आहे आणि ते लिहिता येत नाही.

जुना साथीदार

जे येत नाही त्यातले दोनच लिहा, आणि तेही असे की जे एकट्याने घरी बसून येणार नाही. नाहीतर परीक्षक मनात म्हणतो, मग घरीच बसा. अनोळखी पियानोवर पाच मिनिटांत पेडलचे अंतर शोधणे ही आपली भीती आपण वर लिहिलीच आहे. पियानोवादकाला आपले वाद्य पाठीवर टाकून नेता येत नाही, त्यामुळे हे कौशल्य चैनीचे नाही. संस्थेत निरनिराळे पियानो असतात आणि वर्षभर त्यांवर वाजवावे लागते, म्हणून तिथे जाण्याचे ते सयुक्तिक कारण ठरते.

दुसरे काय ते मला माहीत नाही. आपण इतरांबरोबर कधी वाजवले आहे का?

काळी चार

जवळजवळ नाही. एकदा एका व्हायोलिनवादकाला साथ केली तेव्हा मी सतत त्याच्या पुढे धावत होते. हेडफोनमध्ये शिकल्याचा तोही परिणाम असावा, मी कधी कोणासाठी थांबलेलीच नाही.

जुना साथीदार

मग दुसरी गोष्ट मिळाली. शेवटचे वाक्य जसेच्या तसे निवेदनात जाऊ द्या.

काळी चार

नवा मसुदा देते आहे. मर्यादेच्या बराच आत आहे.

"पंधराव्या वर्षापर्यंत मी डिजिटल पियानोवर, बहुधा हेडफोन लावून शिकले. त्या वाद्याचे पेडल फक्त चालू किंवा बंद होत असे. चार वर्षांपूर्वी ग्रँड पियानोवर शिकू लागले, तेव्हा स्वर आणि वेग माझ्यापाशी होते, पण पट्टी दाबल्यानंतर आवाजाचे काय होते हे मी कधी ऐकले नव्हते.

बेथोव्हनच्या ओपस ३१, क्रमांक २मधल्या दोन जागांनी मला ते ऐकायला लावले. पहिल्या भागात एकल ओळीच्या खाली पेडल धरून ठेवण्याची जी खूण आहे, ती आजच्या पियानोवर तशीच पाळली तर ओळ बुडते आणि सोडून दिली तर तिच्यामागचा अवकाश नाहीसा होतो. मी पेडल अंशतः बदलत जाते, म्हणजे मंद्रातला नाद राहतो आणि ओळही ऐकू येते. हे उत्तर अंतिम आहे असे मला वाटत नाही. डेब्युसीचे सहावे प्रील्यूड मी निवडले, कारण तिथे असे निर्णय जवळपास पूर्णपणे कानावर सोपवलेले आहेत आणि दोनच स्वरांच्या पावलांचा नाद प्रत्येक वेळी नव्याने तोलावा लागतो. बी फ्लॅट मायनर फ्यूगमध्ये मी लांब स्वर शक्यतो बोटांनीच धरून ठेवते आणि पाच आवाजांपैकी जो विरत चालला आहे त्याच्या हिशोबाने पुढचा स्वर वाजवते. शोपाँचा ओपस १०, क्रमांक ४ ही याची दुसरी बाजू आहे. तो मी हेडफोनमध्ये शिकले आणि ग्रँडवर पहिल्यापासून पुन्हा शिकले, आणि त्यात पेडल फार थोडे आहे.

आपल्याकडे मला दोन गोष्टी शिकायच्या आहेत. अनोळखी पियानोवर बसल्यावर त्याचे पेडल आणि त्याचा नाद लवकर ओळखता येणे मला अजून जमत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे इतरांबरोबर वाजवणे. एकटीने शिकल्यामुळे मी कधी कोणासाठी थांबलेली नाही; गायकाचा श्वास आणि व्हायोलिनवादकाची बो बदलण्याची जागा ऐकून वाजवायला मला शिकायचे आहे. बेथोव्हनच्या काळातील पियानो आपल्या संग्रहात असल्यास, त्या दोन जागा त्यावर एकदा वाजवून पाहण्याची इच्छा आहे."

निमिष

पहिल्या मसुद्याशी याची तुलनाच नाही. 'असल्यास' हा शब्द मात्र खटकतो. असा पियानो संस्थेकडे आहे की नाही हे अर्जदाराने आधी पाहायला नको का? असेल तर सरळ तसे लिहा, नसेल तर वाक्यच काढा.

फ्यूगबद्दलचे वाक्य चांगले आहे, पण ते तुम्ही खरोखर करता का? कारण मुलाखतीत ते एखादा आवाज एकटाच वाजवून दाखवायला सांगू शकतात. मला मधला आवाज सांगितला होता आणि तो मला धड गाताही आला नाही.

काळी चार

वरचे तीन आवाज वेगळे वाजवता येतात. चौथा अडखळत येतो. उद्यापासून तेच करते. पियानोसंग्रहाबद्दल संस्थेला विचारून घेते.

पांढरी दोन

मला अजूनही पटलेले नाही. पहिला परिच्छेद वाचून परीक्षकाच्या मनात 'उशिरा सुरुवात केलेली विद्यार्थिनी' अशी चिठ्ठी चिकटेल आणि पुढचे सगळे वादन तो त्याच चष्म्यातून ऐकेल. जिथे जागा थोड्या असतात, तिथे परीक्षक नाकारायला कारण शोधत असतात. ते आपणच का पुरवावे? शिवाय डेब्युसीबद्दलचा माझा आक्षेप कोणी खोडलेला नाही.

जुना साथीदार

डेब्युसीबद्दल मीही ठाम नाही. तो संथपणा भर कार्यक्रमात धरून ठेवणारा वादक असेल तर सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येते, नसेल तर परीक्षक दुसऱ्या पानाआधीच थांबवतात. हे मी न ऐकता सांगू शकत नाही, ते त्यांच्या बाईंनीच ठरवावे.

पहिल्या परिच्छेदाबद्दल: चष्म्याचा धोका आहे, आणि मी स्वतः तो चष्मा घालून कधी ऐकलेच नाही असे शपथेवर सांगणार नाही. तरीही माझा अनुभव असा आहे, की न सांगितलेली उणीव ऐकू आली की तिला परीक्षक 'खोड' म्हणतात आणि सांगितलेली उणीव अर्धी भरलेली ऐकू आली की तिला 'प्रगती' म्हणतात. दुसऱ्या संस्थेत, दुसऱ्या परीक्षकांपुढे हे उलटेही होऊ शकते.

एक बारीक दुरुस्ती. 'हे उत्तर अंतिम आहे असे मला वाटत नाही' या वाक्यावर मुलाखतीत प्रश्न येणारच. तेव्हा दुसरे कोणते उत्तर करून पाहिले आहे ते पियानोवर दाखवता आले पाहिजे. आर्पेजिओचे खालचे स्वर आवाज न करता डाव्या हाताने दाबून ठेवायचे आणि मग पाय पूर्ण मोकळा बदलायचा, हा एक मार्ग आहे. करून पाहिला नसेल तर या आठवड्यात पाहा.

काळी चार

आज करून पाहिला. ओळ स्वच्छ ऐकू येते, पण धुके फारच कमी होते आणि माझ्या डाव्या हाताला सगळे स्वर एकदम पुरत नाहीत. खालचे तीनच धरले तर बरे वाटते. घरच्या डिजिटलवर हा फरक ऐकूच येत नाही, त्यामुळे गुरुवारी बाईंकडे पुन्हा करून पाहावे लागेल. अर्ज शुक्रवारी भरते आहे. पहिला परिच्छेद ठेवला आहे.

चेलोवाली

मी वेगळा धागा काढला आहे. पहिले वाक्य पकडीवरच लिहिले आहे.